धोकादायक मद्यपान : ऑडिट चाचणी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील अल्प हस्तक्षेप

बीपी, पित्त, झोप न लागणे किंवा पडून झालेली जखम घेऊन ओपीडीत आलेल्या माणसाला दारूबद्दल ठरावीक दहा प्रश्न विचारायचे, उत्तरांचे गुण मोजायचे आणि त्या गुणांनुसार पाच ते वीस मिनिटे त्याच्याशी ठरावीक पद्धतीने बोलायचे, याला अल्प हस्तक्षेप म्हणतात. दवाखान्यात ब्रीफ इंटरव्हेन्शन हाच शब्द जास्त चालतो. ही पद्धत दारू सोडवून घ्यायला आलेल्या माणसासाठी नाही. ज्याला आपल्याला काही त्रास आहे असे वाटतच नाही, त्याच्यासाठी ती बेतलेली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या भाषेत पिण्याचे तीन स्तर आहेत. अजून इजा झालेली नाही पण याच चालीने होईल, ते धोकादायक मद्यपान. शरीराला किंवा मनाला इजा होऊ लागली, की ते अपायकारक. पिण्यावरचा ताबा सुटला, न पिता हात थरथरू लागले, सकाळीच घोट लागू लागला, की अवलंबित्व. अल्प हस्तक्षेपाचा उपयोग पहिल्या दोन स्तरांवर होतो. तिसऱ्या स्तरावर तो अपुरा पडतो, आणि चुकीच्या पद्धतीने केला तर घातकही ठरतो.

या विचाराची सुरुवात साधारणपणे १९७७ पासून धरतात. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात ग्रिफिथ एडवर्ड्स आणि जिम ऑर्फर्ड यांनी दारूचा त्रास असलेल्या शंभर विवाहित पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला महिनोन्महिने रीतसर उपचार दिले, दुसऱ्याला पती-पत्नी समोर बसवून एकदाच स्पष्ट सल्ला दिला. वर्षाअखेर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ऑस्ट्रेलिया, बल्गेरिया, केनिया, मेक्सिको, नॉर्वे आणि अमेरिका या सहा देशांत मिळून प्रश्नावली तयार करण्याचे काम हाती घेतले आणि त्यातून ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी आली. आज वापरात असलेल्या दोन जोडपुस्तिका, एक चाचणीची आणि एक अल्प हस्तक्षेपाची, २००१ मध्ये निघाल्या. थॉमस बेबर आणि जॉन हिगिन्स-बिडल यांचे नाव दोन्हींवर आहे.

माप : पेग, क्वार्टर आणि दहा ग्रॅम

ऑडिटमधले गुण खरे की खोटे, हे बरेचसे एका गोष्टीवर ठरते, आणि आपल्याकडे चाचणी फसते तीही बहुधा तिथेच. दुसरा आणि तिसरा प्रश्न ‘किती ड्रिंक’ असे विचारतो. तिथे ड्रिंक म्हणजे दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ब्रिटनचे युनिट आठ ग्रॅमचे आणि अमेरिकेचे ड्रिंक चौदा ग्रॅमचे असते, म्हणून परदेशी तक्ते जसेच्या तसे उचलू नयेत. या नोंदीत दहा ग्रॅमला ‘माप’ म्हटले आहे.

हिशोब सोपा आहे. मिलिलिटरला बाटलीवरच्या टक्क्याने गुणायचे, शंभराने भागायचे आणि ०.७९ ने गुणायचे, कारण एक मिलिलिटर अल्कोहोलचे वजन ०.७९ ग्रॅम भरते. भारतात व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के असे लिहिलेले असते. त्यामुळे ३० मिलिलिटरचा स्मॉल पेग म्हणजे बरोबर एक माप, साठचा लार्ज म्हणजे दोन, ‘नाइन्टी’ म्हणजे तीन आणि १८० ची क्वार्टर म्हणजे सहा मापे. ६५० मिलिलिटरच्या बिअरच्या बाटलीत पाच टक्के अल्कोहोल असेल तर अडीच मापे होतात. आठ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर चार, म्हणजे दोन लार्ज पेगांइतकी. ‘मी दारू घेत नाही, फक्त बिअर’ या उत्तरामागे हा हिशोब दडलेला असतो. हातभट्टी, ताडी आणि गोव्याचा उर्राक यांची तीव्रता ठरलेली नसते. तिथे आकडा अंदाजे धरावा आणि कागदावर ‘अंदाजे’ असेच लिहावे.

म्हणून ‘किती पेग?’ असे विचारूच नये. घरी ग्लासात बोटाने मोजून ओतलेला पेग नव्वदचाही असतो. ‘बाटली कुठली आणता? ती कितीजणांत संपते? एका बैठकीत की दोन?’ असे विचारले की आकडा आपोआप बाहेर येतो.

दहा प्रश्न आणि गुण

प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण आहेत, एकूण चाळीस. पहिले तीन प्रश्न पिण्याच्या प्रमाणाचे आहेत. दारू किती वेळा घेता, या पहिल्या प्रश्नावर कधीच नाही याला ०, महिन्यातून एकदा किंवा कमी याला १, महिन्यातून दोन ते चार वेळा याला २, आठवड्यातून दोन-तीनदा याला ३ आणि चार किंवा अधिक वेळा याला ४ गुण. घेता त्या दिवशी साधारण किती मापे होतात, हा दुसरा प्रश्न. एक-दोनला ०, तीन-चारला १, पाच-सहाला २, सात ते नऊला ३, दहा किंवा पुढे ४. एका बैठकीत सहा किंवा अधिक मापे किती वेळा होतात, हा तिसरा. कधीच नाही ०, महिन्यातून एकदापेक्षा कमी १, महिन्याला २, आठवड्याला ३, रोज किंवा जवळजवळ रोज ४.

चौथ्यापासून आठव्यापर्यंतचे प्रश्न गेल्या वर्षभराबद्दल आहेत आणि त्यांचे गुण तिसऱ्या प्रश्नाच्याच पट्टीवर द्यायचे. सुरू केल्यावर थांबता आले नाही असे किती वेळा झाले? दारूमुळे करायचे काम राहिले असे किती वेळा? रात्री जास्त झाल्यावर सकाळी उतारा म्हणून घ्यावी लागली असे? घेतल्याबद्दल नंतर अपराधी वाटले असे? आदल्या रात्रीचे काही आठवतच नाही असे? चौथा, पाचवा आणि सहावा प्रश्न अवलंबित्वाची खूण शोधतात, सातव्यापासून पुढचे चार अपायाची. शेवटच्या दोन प्रश्नांना १ आणि ३ हे मधले गुण नाहीत. तुमच्या पिण्यामुळे तुम्हाला किंवा दुसऱ्या कुणाला इजा झाली का, आणि नातेवाईक, मित्र, डॉक्टर किंवा आरोग्यसेवकाने काळजी व्यक्त केली का किंवा कमी करा म्हटले का, यांना नाही म्हटल्यास ०, हो पण गेल्या वर्षात नाही तर २, गेल्या वर्षात हो तर ४.

वेळ वाचवायला एक पळवाट दिलेली आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘कधीच नाही’ असेल, किंवा दुसऱ्या-तिसऱ्याची बेरीज शून्य असेल, तर थेट नवव्या प्रश्नावर जायचे. याच पळवाटेतून चूक कशी निसटते ते खालच्या उदाहरणात दिसेल.

बेरजेवरून चार टप्पे होतात. शून्य ते सातपर्यंत माहिती पुरेशी. ८ ते १५ असल्यास साधा सल्ला, पाच मिनिटांचा. १६ ते १९ असल्यास सल्ला, त्याला जोडून थोडे समुपदेशन, आणि पुन्हा बोलावून पाहणे. वीस किंवा पुढे असल्यास निदानासाठी आणि उपचारासाठी तज्ज्ञाकडे. स्त्रिया आणि पासष्टीच्या पुढचे रुग्ण यांच्यासाठी आठऐवजी सातची सीमा धरावी, असे पुस्तिकाच सुचवते. बेरजेइतकीच गुणांची विभागणीही पाहावी. एकूण चौदाच आहेत पण चौथ्या ते सहाव्या प्रश्नांवर मोठे गुण आहेत, तर त्या माणसाकडे वीसच्या पुढच्या टप्प्यातला समजूनच लक्ष द्यावे.

एक उदाहरण

कारखान्यात फिटर असलेला एक्केचाळीस वर्षांचा माणूस, शिकवण्यासाठी रचलेला. बीपी १५२/९६, तीन महिने पित्ताच्या गोळ्या. आठवड्यातून तीनदा घेतो. किती, असे विचारल्यावर म्हणतो, ‘दोन पेग, जास्त नाही.’ एका वेळी सहा होतात का? ‘छे, सहा कधीच नाही.’

भोळेपणाने गुण दिले तर पहिल्याला ३, दुसऱ्याला ०, तिसऱ्याला ०. दुसऱ्या-तिसऱ्याची बेरीज शून्य, म्हणून नियमाप्रमाणे मधले प्रश्न वगळले. नवव्याला नाही, ०. दहाव्याला, बायको सारखी म्हणते, ४. एकूण सात. माहितीपत्रक हातात आणि माणूस घरी.

आता बाटलीवरून विचारले. क्वार्टर आणतो, एकटाच दोन ग्लासांत संपवतो. म्हणजे त्याचे दोन पेग नव्वद-नव्वदचे आणि एकूण सहा मापे. दुसऱ्याला २. आठवड्यातून तीनदा सहा मापे होतात, म्हणून तिसऱ्याला ३. पळवाट बंद झाली, मधले प्रश्न विचारावे लागले. थांबता आले नाही असे वर्षात चारपाचदा, १. कामाचा खाडा दोनदा, १. सकाळी घेणे नाही, ०. अपराधी वाटले कधीतरी, १. आठवत नाही असे दोनदा, १. इजा नाही, ०. बायकोचे बोलणे, ४. एकूण सोळा. माणूस तोच, त्याने खोटेही काही सांगितलेले नाही, पण टप्पा पहिल्यावरून तिसऱ्यावर गेला.

विचारायची तऱ्हा

नातेवाईक बाहेर असताना विचारावे. तंबाखू-मिश्री, जेवण, झोप यांच्या ओघात दारूचा प्रश्न आला तर तो आरोप वाटत नाही. ‘घेता का?’ यापेक्षा ‘गेल्या वर्षभरात किती वेळा घेणं झालं?’ हे बरे. वर्धा आणि गडचिरोलीसारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यांत हे उत्तर कुठे जाणार नाही, असे आधीच सांगावे लागते, नाहीतर पहिल्याच प्रश्नाला शून्य मिळते. केसपेपरवर ‘ऑडिट १६’ लिहावे, ‘अल्कोहोलिक’ नाही. पुढची सिस्टर तोच शब्द मोठ्याने वाचते.

संवादाचा नमुना

संवादाचा सांगाडा सहा गोष्टींचा आहे. त्याच्या गुणांचा अर्थ त्याला सांगणे, निर्णय त्याचा आहे हे मान्य करणे, सल्ला मात्र स्पष्ट देणे, एकापेक्षा जास्त मार्ग समोर ठेवणे, आपुलकीने ऐकणे आणि त्याला जमेल असा भरवसा देणे. वरच्याच रुग्णाशी तो असा चालतो.

डॉक्टर : मघाशी मोकळेपणाने सांगितलंत, बरं झालं. तुमच्या उत्तरांची बेरीज सोळा आली. आठच्या पुढे गेली की दारू तब्येतीला बाधायला लागली, असं आम्ही धरतो. आज बीपी वाढलेलं आहे, पित्तही जात नाही. दोन्हीला दारू हातभार लावते. तुम्हाला काय वाटतं?

रुग्ण : मी काय रोजचा पिणारा नाही मॅडम. कामावर कधी पिऊन गेलेलो नाही.

डॉक्टर : रोज घेत नाही, सकाळी लागत नाही, हे खरंच आहे. म्हणून तर आत्ता बोलतेय. पण बसलात की क्वार्टर संपते.

रुग्ण : उघडली की संपतेच ना. उरलेली घरी कुठे ठेवणार?

डॉक्टर : बरं, घेतल्यावर चांगलं काय वाटतं?

रुग्ण : शिफ्ट सुटली की दोघं-तिघं बसतो. डोकं हलकं होतं.

डॉक्टर : आणि नको वाटतं असं?

रुग्ण : दुसऱ्या दिवशी जळजळ. दोन सोमवार खाडा पडला. घरची तर त्या दिवशी बोलतच नाही.

डॉक्टर : कमी करणं किती गरजेचं वाटतं? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे फारच.

रुग्ण : सहा धरा.

डॉक्टर : सहा का? तीन का नाही म्हणालात?

रुग्ण : वडलांना बीपीनंच अर्धांग झालं होतं. पोरगी आत्ता नववीला आहे.

डॉक्टर : म्हणजे तिचं शिक्षण व्हायचंय, तोवर तुम्हाला धड राहायचंय. माझं म्हणणं सांगते, मग तुम्ही ठरवा. बीपी ताब्यात येईपर्यंत बंदच ठेवलीत तर सगळ्यात चांगलं. तेवढं जमणार नसेल तर दिवस कमी करा आणि त्या दिवशी साठच्या वर जाऊ नका.

रुग्ण : बंद म्हणालो तर खोटं बोलेन. बुधवार-शुक्रवार सोडतो. शनिवारी क्वार्टरऐवजी नाइन्टीची बाटली आणतो, उरायचा प्रश्नच नाही.

डॉक्टर : हे जमेल याची खात्री किती? दहापैकी.

रुग्ण : चार. पगाराच्या दिवशी पोरं गाडी दुकानासमोरच थांबवतात.

डॉक्टर : मग त्या दिवसाचं आत्ताच ठरवू. परत कसं यायचं?

रुग्ण : कंपनीच्या बसनं आलो तर दुकान लागतच नाही.

डॉक्टर : झालं तर. कॅलेंडरवर रोज खूण करा. शून्य असेल तरी शून्य लिहा. चार आठवड्यांनी या, बीपी बघू आणि कॅलेंडरही.

‘तीन का नाही’ हा प्रश्न या संवादाची किल्ली आहे. ‘दहा का नाही’ असे विचारले असते तर रुग्णाने न सोडण्याची कारणे मांडली असती आणि स्वतःच्याच तोंडून ती पक्की केली असती. नाइन्टी म्हणजे तीन मापे. पुस्तिकेची मर्यादा दिवसाला दोन माप आणि आठवड्यातून किमान दोन दिवस पूर्ण कोरडे, अशी आहे. तरीही आठवड्याची अठरा मापे तीनवर येत असतील तर पहिल्या भेटीत ते मान्य करावे, आणि मर्यादा काय ते सांगून ठेवावे. ही मर्यादा कमी धोक्याची आहे, निर्धोक नव्हे. दारूचे कुठलेच प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

काहीजण या वळणावर ‘माळच घालतो’ म्हणतात. तो मार्ग रुग्णाने स्वतः काढलेला असेल तर डॉक्टरने त्यावर हसू नये. आळंदीला जाऊन आलेल्या माणसाला ग्लास पुढे करताना मित्रही कचरतात, हे कुठल्याही औषधाने साधत नाही. बायकोला आत बोलावून तिच्यासमोर शपथ घ्यायला लावणे मात्र टाळावे. रुग्ण शपथ घेतो आणि पुढच्या भेटीला येत नाही.

चार आठवड्यांनी हा रुग्ण कॅलेंडर घेऊन येतो. तीन शनिवारी नाइन्टी, पगाराच्या दिवशी क्वार्टर, बाकी शून्य. बीपी १४२/९०. इथे ‘ठरलं होतं ना?’ म्हणायचे नसते. त्या दिवशी बस चुकली की चुकवली, एवढेच विचारायचे आणि पुढच्या पगारासाठी दुसरा बेत करायचा. दोन-तीन भेटींनंतरही प्रमाण हलत नसेल, तर ते वीसच्या पुढच्या टप्प्याचे लक्षण समजावे.

कुणाला ‘कमी करा’ म्हणू नये

गर्भवती, यकृताचा आजार असलेले, पूर्वी अवलंबित्व येऊन गेलेले, अपस्माराचे रुग्ण, क्षयाच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असलेले, यांना सल्ला बंदचाच द्यायचा.

याच्या उलट, जो रोज भरपूर घेतो, सकाळी ज्याचे हात कापतात आणि घोट घेतला की थांबतात, त्याला ‘आजपासून बंद’ असे सांगून घरी पाठवणे धोक्याचे आहे. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांत थरथर, घाम आणि धडधड सुरू होते. साधारण पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांत भास, भ्रम आणि ताप असलेली डिलिरियम ट्रेमेन्स ही जीवघेणी अवस्था उद्भवू शकते. पूर्वी कधी झटका आला होता का, हे विचारल्याशिवाय सोडू नये. अशा रुग्णाला जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात पाठवावे, आणि तिथे पोचेपर्यंत एकदम बंद करायला सांगू नये. सलाइनमधून ग्लुकोज देण्याची वेळ आली तर आधी थायमिन द्यावे. बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या मेंदूवर ग्लुकोजचा भार पडला की वेर्निके एन्सेफॅलोपॅथी उफाळते. त्यात माणसाची नजर फिरते, चाल जाते आणि स्मृती कायमची अधू होऊ शकते.

परिणाम किती

२०१८ च्या कोक्रेन आढाव्यात प्राथमिक सेवेतल्या ६९ चाचण्या एकत्र केल्या आहेत. वर्षभरानंतर हस्तक्षेप झालेले लोक इतरांपेक्षा आठवड्याला सरासरी वीस ग्रॅम कमी पीत होते, म्हणजे आपल्या हिशोबाने एक लार्ज पेग. लांबलचक समुपदेशनाने त्यात फारशी भर पडली नाही. इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीत तर गुण सांगून पत्रक देणे, पाच मिनिटांचा सल्ला आणि वीस मिनिटांचे समुपदेशन यांचे निकाल सारखेच निघाले. नुसते विचारणे हाही हस्तक्षेपच असतो, असा याचा एक अर्थ लावला जातो.

गोव्यात वेगळा प्रयोग झाला. संगथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक, बिगर-डॉक्टर समुपदेशक नेमले. ऑडिटमध्ये बारा ते एकोणीस गुण मिळालेल्या पुरुषांना त्यांनी एक ते चार भेटींचे समुपदेशन दिले. २०१७ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निकालानुसार तीन महिन्यांनी आठच्या खाली उतरलेल्यांचे प्रमाण ३६ टक्के होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात २६. गेल्या चौदा दिवसांत अजिबात न घेतलेले ४२ टक्के, विरुद्ध १८. मात्र जे पीतच राहिले, त्यांच्या रोजच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक दिसला नाही.